पहिला फोन लागत नाही, लगेच केलेला दुसरा लागतो: निवांत फोन शोधताना नेटवर्क कुठे चुकतं

तक्रार नेहमी जवळपास त्याच शब्दांत येते. ‘रेंज फुल आहे, फोन चालू आहे, हातात आहे, आणि लोक म्हणतात तुमचा फोन लागत नाही.’ त्यातल्या काही तक्रारींना एक शेपूट असतं: ‘पण दुसऱ्यांदा लावला की लागतो.’ बहुतेक जण हे शेपूट सांगायचं विसरतात, कारण दुसऱ्यांदा लागला म्हटल्यावर प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. मला मात्र तेवढंच वाक्य ऐकायचं असतं. सिम बदलून, फोन रीसेट करून, टॉवरची पॉवर वाढवून हा दोष जात नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तोच ग्राहक तीच तक्रार घेऊन परत येतो.

रेंजच्या काड्या काय सांगतात ते आधी पाहू. फोनला टॉवर ऐकू येतोय, एवढंच त्या सांगतात. टॉवरला हा फोन आपल्या हद्दीत आहे हे ठाऊक आहे का, हे त्या सांगत नाहीत. तुम्ही फोन करता तेव्हा हा फरक जाणवत नाही, कारण बोलायला सुरुवात तुमचा फोन करतो आणि तो नेमका कुठून बोलतोय हे नेटवर्कला त्याच क्षणी कळतं. तुम्हाला फोन येतो तेव्हा नेटवर्कला तुम्हाला शोधावं लागतं, आणि शोधायला त्याच्याकडे असतो फक्त एका वहीत लिहून ठेवलेला जुना पत्ता.

पत्ता किती ढोबळ असतो

फोन सतत टॉवरला आपलं ठिकाण कळवत असतो, असा पुष्कळांचा समज आहे. निवांत पडलेला फोन जवळजवळ गप्पच असतो. तो फक्त ऐकतो, तेही सतत नाही. टूजीवर नेटवर्कच्या सेटिंगप्रमाणे साधारण अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतच्या अंतराने तो क्षणभर कान उघडतो, आपल्या नावाची हाक आहे का बघतो आणि परत झोपतो. कोणत्या क्षणी कान उघडायचा हे सिममधल्या आयएमएसआय क्रमांकावरून ठरतं, त्यामुळे हाक कधी मारायची हे नेटवर्कलाही माहीत असतं. या हाकेलाच पेजिंग म्हणतात.

हाक कुठे मारायची, हा खरा प्रश्न आहे. सगळ्या देशातल्या सगळ्या टॉवरवरून एकेका फोनसाठी हाक मारता येत नाही, कारण हाकांसाठी राखलेली जागा मोजकी असते. टूजीवर एका पेजिंग संदेशात जास्तीत जास्त चार फोनांची नावं मावतात. उलट प्रत्येक टॉवर बदलला की फोनने कळवायचं ठरवलं, तर चालत्या गाडीतले फोन बॅटरी आणि चॅनेल दोन्ही खाऊन टाकतील. म्हणून मधला मार्ग काढलेला आहे. बऱ्याच टॉवरचा मिळून एक लोकेशन एरिया करतात आणि त्याला एक क्रमांक देतात, स्क्रीनवर तो `LAC` म्हणून दिसतो, बोलताना आम्ही लॅक म्हणतो. प्रत्येक टॉवर आपला लॅक सतत जाहीर करत असतो. त्याच लॅकमध्ये फोन कितीही टॉवर बदलो, तो काही बोलत नाही. वेगळा लॅक ऐकू आला की मात्र तो उठतो आणि कळवतो, ‘मी आता इकडे आलो.’ हे झालं लोकेशन अपडेट.

ही खबर त्या भागाच्या स्विचला मिळते. स्विच म्हणजे एमएससी. त्याच्या स्थानिक वहीत, म्हणजे व्हीएलआरमध्ये, तुमचा लॅक लिहिला जातो. तुमच्या कंपनीच्या मुख्य वहीत, एचएलआरमध्ये, लॅक नसतो. तिथे ‘हा ग्राहक सध्या अमुक स्विचकडे’ इतकंच असतं. कॉल आला की आधी मुख्य वही विचारली जाते, ती स्विच सांगते, स्विच आपल्या वहीतून लॅक काढतो आणि त्या लॅकच्या सगळ्या टॉवरवरून हाक मारायला लावतो. फोनने ओ दिली की पुढे घंटी वाजते.

म्हणजे पत्त्याच्या दोन ओळी आहेत, कोणता स्विच आणि त्यातला कोणता लॅक. लॅक चुकला तर स्विच कधी कधी सावरून घेतो. पहिल्या हाकेला उत्तर नाही आलं की दुसरी हाक आपल्या सगळ्या टॉवरवरून मारायची, अशी सोय अनेक ठिकाणी केलेली असते. स्विचच चुकला तर सावरायला कोणी नसतं, कारण ज्या स्विचकडे कॉल गेलाय त्याचे टॉवर त्या फोनला ऐकूच येत नसतात.

फोरजी आल्यावर पत्ता दुसऱ्याच्या नावावर

फक्त टूजी असतं तर ही चूक क्वचित झाली असती, कारण फोन स्वतः लॅक ऐकतो आणि स्वतःच कळवतो. फोरजीवर तसं होत नाही. फोरजीच्या टॉवरला लॅक नसतो, त्याचा वेगळा क्रमांक असतो, `TAC`, म्हणजे टॅक. फोरजीचं नेटवर्क मुळात डेटासाठी उभं केलेलं आहे. व्होएलटीई चालू नसेल, तर आवाजाचा कॉल आला की फोनला फोरजी सोडून टूजी किंवा थ्रीजीवर उतरावं लागतं. या उतरण्याला सीएसएफबी म्हणतात.

पण फोरजीवर बसलेला फोन टूजीच्या स्विचच्या वहीत नसेल, तर त्याच्यासाठी कॉल कोणाकडे पाठवणार? म्हणून फोरजीवर नोंदणी करतानाच फोन जोडीची नोंदणी मागतो. फोरजीचा कारभार पाहणारा एमएमई आपल्या तक्त्यात बघतो की या टॅकसमोर कोणता लॅक लिहिलाय आणि तो कोणत्या स्विचचा आहे. मग त्या स्विचला तो फोनच्या वतीने कळवतो, ‘हा ग्राहक तुझ्याकडे, अमुक लॅकमध्ये धर.’ फोनलाही तोच लॅक सांगितला जातो आणि फोन तो जपून ठेवतो.

फोनने तो लॅक कधी हवेतून ऐकलेलाच नसतो. कोणीतरी नियोजन करताना तक्त्यात लिहिलेला तो अंदाज आहे: या फोरजी टॉवरखाली असलेला फोन टूजीवर उतरला तर बहुधा या लॅकमध्ये उतरेल. बहुतेक ठिकाणी तो बरोबर ठरतो. हद्दीवर ठरत नाही, कारण फोरजी आणि टूजी वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतात. ९०० मेगाहर्ट्झचं टूजी लांबच्या टॉवरवरूनही भिंती भेदून आत येतं. १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झचं फोरजी जवळच्या टॉवरचंच पकडलं जातं. एकाच खोलीत फोनचा फोरजी टॉवर उत्तरेला आणि टूजी टॉवर दक्षिणेला असू शकतो, आणि मधून लॅकची हद्द गेलेली असू शकते.

गोदामाच्या फाटकावरचा फोन

एका मोठ्या गोदामाच्या फाटकावर कंपनीने दिलेला मोबाइल होता. ट्रक आला की चालक बाहेरून फोन करायचा, फाटकावरचे काका नोंद करून आत घ्यायचे. चालक सांगायचे, फोन लागत नाही. व्यवस्थापक म्हणायचे, काका झोपतात. दोनदा फोन बदलून झाला होता, एकदा सिमही.

मी गेलो तेव्हा काकांनी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. ‘साहेब, मी जागाच असतो. फोन समोर ठेवून बघत बसतो. कधी कधी वर ते `4G` लिहिलेलं असतं ना, ते आपोआप जातं आणि `E` येतं. मिनिटभराने घंटी वाजते. चालक म्हणतो, दुसऱ्यांदा लावला.’ हे निरीक्षण चार मोजयंत्रांपेक्षा मोलाचं होतं. `E` म्हणजे टूजी. फोनला हाक ऐकू आली होती, म्हणूनच तो फोरजी सोडून खाली उतरला होता. उतरल्यावर मध्येच काहीतरी बिनसत होतं.

मग घड्याळ लावून पाहिलं. फाटकावरचा फोन टेबलावर, `4G` दिसत असलेला. दुसऱ्या फोनवरून कॉल लावला. चौथ्या सेकंदाला `4G` गेलं, सहाव्याला `E` आलं. माझ्या कानात पूर्ण शांतता. सतराव्या सेकंदाला ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ ही घोषणा. टेबलावरचा फोन वाजलाच नाही. लगेच परत लावला, तोवर वर `E`च होतं. पाचव्या सेकंदाला वाजला. कॉल तोडला, `4G` परत येईपर्यंत थांबलो आणि पुन्हा तेच केलं. दहा वेळांपैकी आठ वेळा पहिला कॉल पडला. `E` असताना केलेला एकही पडला नाही.

दोन वेळा पहिलाच कॉल का लागला? दोन्ही खेपेला मी योगायोगाने फोन उत्तरेच्या खिडकीत ठेवला होता. त्या वेळी मला ते कळलं नव्हतं, नोंदी वाचताना लक्षात आलं.

नंतर लॅक पाहिला. अँड्रॉइडवर डायलरमध्ये `*#*#4636#*#*` टाकलं की फोनच्या माहितीचं पान उघडतं, काही फोनमध्ये ते बंद केलेलं असतं, मग टॉवरची माहिती दाखवणारं एखादं अॅप लागतं. माझ्याकडे मॉडेमही होता, त्याला टूजीवर बांधून विचारलं:

```
AT+CREG=2
AT+CREG?
+CREG: 2,1,"1132","2F1A"
```

इथे एक नेहमीचा घोळ होतो. मॉडेम लॅक हेक्समध्ये देतो आणि नियोजनाच्या तक्त्यात तो दशमान पद्धतीत असतो. `1132` म्हणजे ४४०२. मी मॉडेम उत्तरेच्या कुंपणापाशी नेला, तिथे `10CD` आलं, म्हणजे ४३०१. दोन्ही जागांत जेमतेम दीडशे पावलं. फाटकावर फोरजीचा टॅक मात्र ४३१, उत्तरेच्या टॉवरचा. तक्त्यात टॅक ४३१ समोर लॅक ४३०१ लिहिलेला होता, आणि ४३०१ पहिल्या स्विचचा तर ४४०२ दुसऱ्या स्विचचा. फाटकाच्या खोलीत ९०० मेगाहर्ट्झचा दक्षिणेचा टॉवर उणे ७९ डीबीएमने येत होता, उत्तरेचा उणे ९८ ने. म्हणजे दक्षिणेचा जोर जास्त, आणि टूजीवर उतरलेला फोन तिकडे जाणार हे उघड होतं.

त्या सतरा सेकंदांत काय झालं

स्विचवरचा ट्रेस मागवला तेव्हा मोजके संदेश पुरेसे होते:

```
MSC-1 → MME    SGsAP-PAGING-REQUEST
MME → MSC-1    SGsAP-SERVICE-REQUEST
फोन → MSC-2    LOCATION UPDATING REQUEST
HLR → MSC-1    CANCEL LOCATION
```

मुख्य वहीत ग्राहक पहिल्या स्विचच्या नावावर होता, म्हणून कॉल तिकडे गेला. पहिल्या स्विचने एमएमईला सांगितलं, याला हाक मार. एमएमईने फोरजीवर हाक मारली, फोनने ओ दिली, एमएमईने पहिल्या स्विचला ‘सापडला, खाली पाठवतोय’ असं कळवलं आणि फोनला टूजीवर सोडलं. इथपर्यंत सगळं नीट.

फोन खाली उतरून दक्षिणेच्या टॉवरवर बसला आणि त्याने लॅक ऐकला, ४४०२. त्याच्याकडे लिहिलेला ४३०१. लॅक वेगळा असेल तर आधी लोकेशन अपडेट, हा नियम त्याला मोडता येत नाही. ते अपडेट त्या टॉवरच्या मालकाकडे, दुसऱ्या स्विचकडे गेलं. दुसऱ्या स्विचला या कॉलची काहीच कल्पना नव्हती. त्याने मुख्य वहीला कळवून ग्राहक आपल्या नावावर करून घेतला, आणि मुख्य वहीने रीतीप्रमाणे पहिल्या स्विचला सांगितलं, तुझ्याकडची नोंद पुसून टाक. फोन करणारा मात्र अजून पहिल्या स्विचच्याच दारात उभा होता. तिथे कोणी येणार नव्हतं. वेळ संपली, घोषणा लागली.

मिनिटभरात केलेला दुसरा कॉल का लागतो हेही यातच आहे. मुख्य वहीत आता दुसरा स्विच आहे, फोन अजून `E` वर आहे, लॅक खरा आहे. सगळं जुळतं. मग फोन फोरजीवर परततो, जोडीची नोंदणी पुन्हा होते, तक्ता पुन्हा ४३०१ आणि पहिला स्विच सांगतो, आणि सापळा परत तयार. काकांनी स्वतः कोणाला फोन केला की थोडा वेळ येणारे फोनही नीट लागायचे, तेही याच कारणाने.

दोन्ही लॅक एकाच स्विचचे असते तर कॉल पडला नसता. उतरल्यावरच्या अपडेटमध्ये फोन ‘मी येणाऱ्या कॉलसाठी उतरलोय’ अशी खूण करतो, तोच स्विच ती ओळखतो आणि त्याच जोडणीवर कॉल पुढे चालवतो. घंटी दोन-तीन सेकंद उशिरा वाजते, इतकंच. म्हणून लॅक चुकल्याची तक्रार ‘फोन उशिरा लागतो’ अशी येते, आणि स्विच चुकल्याची ‘फोन लागत नाही’ अशी.

हाच दोष आहे याची खात्री

सारखीच दिसणारी दुखणी आणखी आहेत, आणि त्यांचा उपाय वेगळा आहे, म्हणून घाई करू नका.

घोषणेतल्या शब्दांवर जाऊ नका, ते कंपनी ठरवते. सेकंद मोजा. कॉल लावल्यावर दोन-तीन सेकंदांतच ‘बंद आहे’ आलं, तर बहुधा हाक मारलीच गेली नाही, कारण वहीत तुम्ही गैरहजर आहात. दहा-पंधरा सेकंदांच्या शांततेनंतर घोषणा आली तर हाक मारून उत्तराची वाट पाहिली गेली. पलीकडे घंटीचा आवाज गेला तर फोन सापडलाय, आणि तुमच्याकडे वाजत नसेल तर फोनच्याच सेटिंगमध्ये बघा. अर्थात कॉल दुसरीकडे वळवलेला नसेल तर. ते `*#21#` आणि `*#62#` टाकून आधी तपासून घ्या, दुसरा कोड ‘फोन सापडला नाही तर कुठे पाठवायचा’ हे दाखवतो.

मग फोन टूजीवर बांधा, म्हणजे सेटिंगमध्ये फक्त टूजी निवडा, आणि दिवसभर तसाच ठेवा. पहिला कॉल लागायला लागला तर दोष वर सांगितलेलाच. टूजीवर बांधूनही अधूनमधून कॉल पडत असतील आणि लॅक सारखा दोन क्रमांकांत उड्या मारत असेल, तर फोन टूजीच्याच हद्दीवर बसलाय. दर उडीला अपडेट, आणि अपडेट चालू असताना हाक ऐकू येत नाही. तिथे हद्दीवरचा हिस्टरेसिस वाढवतात, म्हणजे नव्या लॅकचा टॉवर किती डेसिबलने सरस असेल तरच फोनने तिकडे जायचं ती अट. ती ० ते १४ डेसिबल, दोन-दोनच्या पायऱ्यांनी ठेवता येते.

तिसरं दुखणं जास्त फसवं आहे. दुसरा कॉलही लागत नाही, पाचवाही नाही, तुम्ही स्वतः फोन केला की सगळं सुरळीत. इथे फोनचं अपडेटच टॉवरपर्यंत पोहोचत नसतं. टॉवर फोनला ऐकू येतो, फोन टॉवरला ऐकू जात नाही. तळघरात किंवा दूरच्या टॉवरवर असं होतं. टूजीवर चार प्रयत्न फसले की फोन आपला जुना पत्ता आणि तात्पुरतं नाव पुसतो आणि स्वस्थ बसतो. मग तो नवा लॅक ऐकेपर्यंत, तुम्ही फोन करेपर्यंत किंवा नियमित हजेरीची वेळ येईपर्यंत गप्प राहतो. ही हजेरीची वेळ नेटवर्क सहा-सहा मिनिटांच्या पटीत ठरवतं आणि ती साडेपंचवीस तासांपर्यंत नेता येते. काड्या मात्र तोपर्यंत फुल दिसतात. जागा बदलणं किंवा बाहेर अँटेना लावणं हाच उपाय, तक्ता बदलून काही होणार नाही.

आणि दोन सिमच्या फोनमध्ये एक साधी गोष्ट: बऱ्याच फोनमध्ये रेडिओ एकच असतो. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्या सिमची हाक ऐकायला कोणी नसतं. तक्रारीच्या वेळा आणि दुसऱ्या सिमवरच्या कॉलच्या वेळा शेजारी मांडून बघा, अर्ध्या तक्रारी तिथेच निकाली निघतात.

दुरुस्ती

गोदामाच्या बाबतीत पहिला प्रयत्न मी सोपा पाहून केला आणि तो फसला. फोनला फोरजीवरून सोडताना ‘टूजीच्या या फ्रिक्वेन्सी आधी बघ’ अशी यादी दिली जाते. उत्तरेच्या फोरजी सेक्टरच्या यादीतून दक्षिणेच्या टॉवरच्या फ्रिक्वेन्सी काढून टाकल्या. फोन उत्तरेच्या टूजीवर उतरायला लागला, लॅक जुळला, दहापैकी सात वेळा पहिला कॉल लागला. पण उणे ९८ वर खोलीच्या आत आवाज तुटत होता. काका म्हणाले, ‘आधी लागत नव्हता, आता लागतो पण कळत नाही.’ यादी पूर्ववत केली.

खरी दुरुस्ती तक्त्यात होती. फाटकावर येणारा फोरजी हा उत्तरेच्या टॉवरचा दक्षिणेकडे तोंड असलेला एकच सेक्टर होता. टॅक टॉवरला नव्हे, प्रत्येक सेक्टरला देता येतो. त्या एका सेक्टरला नवा टॅक दिला, ४३२, आणि तक्त्यात त्याच्यासमोर लॅक ४४०२ आणि दुसरा स्विच लिहिला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी एमएमई आणि दुसऱ्या स्विचमधली जोडणी चालू असल्याची खात्री, मग तक्त्यात नोंद, मग सेक्टरवर बदल. उलट केलं तर त्या सेक्टरखालचे फोन एमएमईला अनोळखी टॅकमधून आलेले दिसतात आणि त्यांची नोंदणीच अडते.

एक गोष्ट सहज निसटते. एमएमई फोनला टॅकची यादी देतो, तीत १६ पर्यंत टॅक बसतात, आणि यादीतल्या कोणत्याही टॅकमध्ये फिरताना फोन काही कळवत नाही. नवा ४३२ जुन्या ४३१ सोबत एकाच यादीत राहिला, तर ४३१ मध्ये नोंदणी झालेला फोन गुपचूप ४३२ मध्ये येईल, लॅक ४३०१ च राहील, आणि सगळी मेहनत पाण्यात. ज्या टॅकसमोर वेगळे लॅक लिहिलेत ते एका यादीत ठेवायचे नाहीत. आमच्याकडे पहिल्या दिवशी नेमकं हेच झालं. फाटकावरचा फोन बंद-चालू केला की बरोबर चालायचा, कोणी तो आवारात उत्तरेला फिरवून आणला की पुन्हा बिघडायचा. यादी वेगळी केल्यावर वीस वेळा पाहिलं, विसाही वेळा पहिलाच कॉल सात-आठ सेकंदांत वाजला.

हे काम ग्राहकाच्या हातातलं नाही. पण तक्रार कशी द्यायची ते त्याच्या हातात आहे. ‘नेटवर्क नाही’ लिहिलं तर कोणीतरी येऊन काड्या बघेल, फुल आहेत म्हणेल आणि जाईल. त्याऐवजी लिहा: `4G` असताना पहिला कॉल पडतो, `4G` जाऊन `E` येतं पण घंटी वाजत नाही, लगेचचा दुसरा कॉल लागतो, टूजीवर बांधल्यावर दोष येत नाही. खाली तीन पडलेल्या कॉलच्या तारखा आणि वेळा, स्क्रीनवरचे `TAC` आणि `LAC`. एवढं असेल तर ट्रेस काढणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. तोवर त्या जागी फोन टूजी किंवा थ्रीजीवर बांधून ठेवा, डेटा मंद होईल पण कॉल येतील. फोन आणि सेवा दोन्हींत व्होएलटीई असेल तर ते चालू करणं सर्वांत सोपं. हाक फोरजीवरच येते आणि कॉलही फोरजीवरच होतो, त्यामुळे खाली उतरून लॅक जुळवण्याचा प्रश्नच येत नाही.

हद्द मात्र सरकली, नाहीशी झाली नाही. तीन आठवड्यांनी आवाराच्या उत्तर टोकाला असलेल्या वजनकाट्यावरून तीच तक्रार आली. तिथे फोरजी त्याच बदललेल्या सेक्टरचं, आणि टूजी उत्तरेचं. आता तक्ता ४४०२ म्हणत होता आणि फोन ४३०१ वर उतरत होता, जुन्या दोषाचं आरशातलं रूप. एका सेक्टरखाली दोन्ही बाजू असल्या की तक्ता एकीकडे चुकणारच. याचा उपाय स्विचच्या पातळीवर आहे. पहिल्या स्विचने नोंद पुसली जाताना ‘कॉल दारात आहे, परत विचारा’ असं मागे कळवायचं, आणि कॉल पाठवणाऱ्या स्विचने मुख्य वहीला पुन्हा विचारून तो नव्या स्विचकडे वळवायचा. याला रोमिंग रिट्राय म्हणतात. त्यासाठी या प्रवासातल्या सगळ्यांनी, मुख्य वहीसकट, ते पाळायला हवं, आणि आमच्याकडे एक जुना स्विच ते पाळत नव्हता.

वजनकाट्यावरच्या मुलाचा फोन नवा होता. त्याच्या सेटिंगमध्ये व्होएलटीई बंद पडलेलं होतं. ते चालू करून मी दोनदा कॉल लावून पाहिला, दोन्ही वेळा `4G` तसंच राहिलं आणि फोन वाजला.